कागदावर कोणाचे नाव आणि कशासाठी

वरणगावात १९६४ साली आयुध निर्माणी आली आणि बंदुकीची काडतुसे बनवू लागली. तेव्हापासून गावात दोन प्रकारची मिळकत एकाच घरात नांदते. एकीकडे वाडवडिलांची किंवा स्वतः घेतलेली शेती, दुसरीकडे फॅक्टरीचा पगार, पेन्शन, फंड आणि त्यातून टाकलेल्या ठेवी. माणूस जातो तेव्हा या दोन्हींचे कागद वेगवेगळ्या खिडक्यांवर जातात, आणि प्रत्येक खिडकीवर एकच वाक्य ऐकू येते : ‘वारस दाखला आणा.’ कोणता, कोणी दिलेला आणि कशासाठी, हे बहुधा कोणी सांगत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, फॅक्टरीतून निवृत्त झाले होते. ते गेले तेव्हा त्यांच्या मागे आई, धाकटा भाऊ, मी आणि आजी, म्हणजे आप्पांची आई, एवढी माणसे होती. मी लग्न होऊन जळगावला असते. आप्पांचे एक भाऊ वरणगावातच राहतात आणि आत्या रावेर तालुक्यात. ही यादी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे याच यादीवर फिरते.

पेन्शनचा प्रश्न सर्वांत आधी सुटला. आप्पांच्या पेन्शनच्या आदेशात आईचे नाव पत्नी म्हणून आधीच नोंदलेले होते. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक आणि अर्ज एवढ्यावर तिचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. भाऊ म्हणाला, ‘यातही आपला हिस्सा असतो का?’ नसतो. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नसते. ते नियमाने ज्याला मिळायचे त्यालाच मिळते, त्याची वाटणी होत नाही आणि मृत्युपत्राने ते कोणाला देताही येत नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे माहीत असायला हवे, कारण सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले तेच एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, १९९१ साली. त्याने मृत्युपत्रात भावाचे नाव लिहिले होते, पण पेन्शनवर हक्क त्याच्या विधवेचाच राहिला.

पेन्शनची थोडी थकबाकी मात्र आप्पांच्या हयातीतली होती. तिच्यासाठी तहसीलचा वारस दाखला काढला. तो घरी आला तेव्हा सगळ्यांनी नावे वाचली आणि घडी घालून फाइलला लावला. आई, भाऊ आणि मी अशी तीन नावे होती, प्रत्येकापुढे वय आणि मृताशी नाते. मला काहीतरी राहिल्यासारखे वाटत होते, म्हणून मी तो पुन्हा उघडला आणि नावांच्या तक्त्याच्या वरचा आणि खालचा मजकूर वाचला. वर लिहिले होते की अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला आणि तलाठ्याचा अहवाल यांवरून हा दाखला दिला आहे. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की हा दाखला केवळ निवृत्तिवेतनविषयक लाभासाठी असून इतर मिळकतीसाठी ग्राह्य धरू नये.

आजीचे नाव का नव्हते, याचे उत्तर वरच्या ओळीत होते. दाखल्यातली यादी प्रतिज्ञापत्रातून आली होती. प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्याने पेन्शनचे काम म्हणून बायको-मुलांची नावे घातली. आई शोकात होती, तिने सही केली. पेन्शनच्या कामापुरती ती यादी चालून गेली. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ पाहिला तर पुरुष मृत्युपत्र न करता गेल्यास त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगे, मुली, विधवा आणि आई येतात. बाप दुसऱ्या वर्गात जातो, आई पहिल्यात असते आणि तिचा हिस्सा मुलाच्या हिश्श्याएवढाच असतो. आमच्या भागात ही गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. म्हातारी आई मुलाच्या घरी राहते, तिचे सगळे मुलगाच पाहत असतो, त्यामुळे मुलगा गेल्यावर ती वारस आहे हे कोणाच्या मनातच येत नाही.

तहसीलचा दाखला हातात आल्यावर म्हणूनच आधी तीन गोष्टी पाहाव्यात : तो कशासाठी दिला आहे, कोणाच्या सांगण्यावरून दिला आहे आणि मृत्यूची तारीख बरोबर आहे का. नावे त्यानंतर वाचावीत. तहसीलदार वारसांचा वाद ऐकून निवाडा करत नाही. त्याच्यापुढे जे आले आणि ज्याला कोणी हरकत घेतली नाही, ते तो लिहून देतो. त्या दाखल्यात नाव नाही म्हणून हक्क जात नाही आणि नाव आहे म्हणून मालकी लागत नाही.

आता ठेवी. आप्पांनी फंडाचे पैसे दोन ठिकाणी ठेवले होते. एका राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवीवर आई नामनिर्देशित होती, ज्याला सगळे नॉमिनी म्हणतात. ती रक्कम तिच्या खात्यात सहज आली, कोर्टाचा कागद कोणी मागितला नाही, आणि मागायचाही नसतो. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यावरून हे १९८३ सालीच सर्बती देवी प्रकरणात सांगितले, शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण नॉमिनीने ते वारसांसाठी धरायचे असतात.

दुसरी ठेव एका सहकारी बँकेत होती, व्याजासकट १२ लाखांची. पावती वर्षानुवर्षे नूतनीकरण होत गेली आणि नॉमिनीचा रकाना मोकळाच राहिला. तिथे आम्ही तहसीलचा दाखला दाखवला. साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘एवढ्या रकमेला हा चालणार नाही, कोर्टाचं सक्सेशन लागेल.’ तेव्हा हे प्रत्येक बँकेच्या धोरणावर होते. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनी मर्यादा घालून दिली आहे : नॉमिनी नसलेल्या ठेवीत सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत आणि वारस दाखला किंवा त्रयस्थाचे प्रतिज्ञापत्र यांवर काम होते. बँकेला हवे तर तिने याहून मोठी मर्यादा ठेवावी. आमची रक्कम सहकारी बँकेतली, म्हणजे आजच्या नियमानेही ती ५ लाखांच्या वरच गेली असती.

कागद जमवता जमवता आजीही गेली. भाऊ म्हणाला, ‘आता आजीचा प्रश्नच मिटला. आपण तिघेच.’ आम्ही भुसावळच्या वकिलांकडे गेलो तेव्हा भावाने त्यांनाही हेच सांगितले. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले आणि मला विचारले, ‘ताई, आप्पा गेले त्या दिवशी कोण कोण हयात होतं? आज कोण आहे ते नंतर बघू.’

या एका प्रश्नाने सगळा हिशोब बदलला. वारसाहक्क माणूस मरतो त्या क्षणी उघडतो, दाखला निघतो त्या दिवशी नाही. आप्पा गेले त्या क्षणी चार वारस होते : आई, भाऊ, मी आणि आजी. प्रत्येकी चौथा हिस्सा, म्हणजे १२ लाखांतले ३ लाख. आजीचे ३ लाख तिला त्याच दिवशी मिळाले, ते तिच्या हातात आले नाहीत एवढेच. पुढे ती गेली तेव्हा हे ३ लाख तिची मिळकत म्हणून तिच्या वारसांकडे गेले. आजोबा आधीच गेलेले. म्हणून आजीचे वारस म्हणजे तिची मुले : काका, आत्या आणि आधी गेलेल्या मुलाची, म्हणजे आप्पांची शाखा. तिघांना एकेक लाख. आप्पांच्या शाखेचा लाख भावाला आणि मला अर्धा अर्धा. या लाखात आईला काही नाही, कारण कायद्याने मुले-नातवंडे असताना सून सासूची वारस होत नाही.

वकीलसाहेबांनी कागदाच्या मागे जे लिहिले ते असे होते : आई ३ लाख, भाऊ साडेतीन लाख, मी साडेतीन लाख, काका १ लाख, आत्या १ लाख. बेरीज १२ लाख. भाऊ बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. पटायला त्याला वेळ लागला, पण त्याने आकडा फिरवून पाहिला आणि तो जुळत होता. आजी आप्पांच्या आधी गेली असती, तर आम्ही तिघेच राहिलो असतो आणि प्रत्येकी ४ लाख आले असते. मृत्यूच्या दोन दाखल्यांवरच्या तारखांचा क्रम एवढा मोठा फरक करतो. म्हणून वारसाच्या कोणत्याही कागदाशेजारी मृत्यूचे सगळे दाखले तारखेच्या क्रमाने लावून वाचावेत.

हा हिशोब आप्पांच्या स्वकष्टार्जित पैशाचा आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आधी आप्पांचा स्वतःचा हिस्सा किती ते काढावे लागते, आणि २००५ नंतर मुलगीही जन्मापासून सहहिस्सेदार आहे. आमची शेती आप्पांनी स्वतः विकत घेतलेली, म्हणून आम्हाला ती फोड करावी लागली नाही.

उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली होतो. मृत व्यक्ती ज्या भागात राहत होती, तिथल्या कोर्टात तो द्यायचा. अर्जात मृत्यूची वेळ, राहण्याचे ठिकाण, कुटुंबीय आणि जवळचे नातेवाईक त्यांच्या पत्त्यांसह, आणि ज्या रकमांसाठी प्रमाणपत्र हवे त्यांची यादी द्यावी लागते. अर्जदार आई झाली. भाऊ, मी, काका आणि आत्या सामनेवाले. काकांना हा शब्द टोचला. ‘मी काय तुमच्या विरोधात आहे का?’ म्हणाले. त्यांना समजावले की कोर्टापुढे ज्यांना ऐकायचे त्या सगळ्यांची नावे तिथेच लिहितात. नोटिसा निघाल्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. कोणाची हरकत आली नाही. रकमेवर कोर्ट फी भरावी लागली, आणि आईने पुढे हिशोब द्यावा म्हणून तिच्याकडून जामिनासह बंधपत्र घेतले गेले.

आम्ही चौघांनी ना-हरकत दिली. त्या वेळी मी तो मजकूर शब्दशः वाचला आणि प्रत्येक मुलीने, बहिणीने तो तसा वाचावा असे मला मनापासून वाटते. आमच्या मजकुरात होते की प्रमाणपत्र अर्जदाराच्या नावे देण्यास आमची हरकत नाही. एवढेच. ‘आमचा सदर रकमेवरील हक्क सोडत आहोत’ असे त्यात नव्हते. पहिल्या मसुद्यात तसे एक वाक्य आले होते, ठेवणीतला मसुदा असावा. मी ते काढायला सांगितले आणि वकीलसाहेबांनी लगेच काढले. पैसे गोळा करायला आईला मोकळीक देणे ही एक गोष्ट, आणि आपला हिस्सा सोडणे ही दुसरी. काकांना त्यांचा लाख नको होता. ते त्यांनी पैसे आल्यावर वेगळ्या कागदावर लिहून दिले. आत्यांनी त्यांचा घेतला, आणि घ्यायलाच हवा होता.

प्रमाणपत्र आले. एकच पान, वर कोर्टाचे नाव आणि अर्जाचा क्रमांक, खाली शिक्का. आतला नमुना कायद्याच्याच आठव्या अनुसूचीत दिलेला असतो, त्यामुळे कुठल्याही कोर्टाचे प्रमाणपत्र साधारण सारखेच दिसते. सुरुवातीला ज्याला ते दिले त्याचे नाव. मग ‘ऋणां’चा तक्ता : अनुक्रमांक, ऋणकोचे नाव, अर्जाच्या तारखेला व्याजासह रक्कम, आणि ज्या लेखाने ते ऋण आहे त्याचे वर्णन व तारीख. आईने ऋणकोच्या रकान्यात बँकेचे नाव पाहिले आणि घाबरली की आप्पांनी कर्ज काढले होते की काय. उलट होते. ठेव म्हणजे बँकेने आप्पांना द्यायचे पैसे, म्हणून तिथे ऋणको बँक. त्याखाली रोख्यांचा, म्हणजे शेअर, बाँड वगैरेंचा तक्ता, आमच्या प्रमाणपत्रात तो निरंक होता. आणि शेवटी एक वाक्य, ज्यात प्रमाणपत्राचा सगळा जीव आहे : हे प्रमाणपत्र तुम्हाला वरील ऋणे वसूल करण्याचा अधिकार देते.

शेअर असतील तर याच शेवटच्या वाक्यात अधिकार कमीजास्त होतात. फक्त व्याज आणि लाभांश घेण्याचा, की विकण्याचा आणि हस्तांतर करण्याचा, की दोन्हींचा, हे कोर्ट तिथे लिहिते. नुसता लाभांश घेण्याचा अधिकार लिहिला असेल तर शेअर विकता येणार नाहीत, प्रमाणपत्र कितीही खरे असले तरी.

हे प्रमाणपत्र तक्त्यात लिहिलेल्या गोष्टींपुरतेच बोलते. शेताचा, घराचा त्यात उल्लेख नसतो आणि त्यांना ते लागू पडत नाही. तक्त्यात नसलेली ठेवही त्यातून मिळत नाही. प्रमाणपत्र निघाल्यावर आप्पांच्या पेटीत, फॅक्टरीच्या जुन्या गेटपासांखाली, त्याच बँकेची आणखी एक लहान पावती सापडली. बँकेने ती देण्यास नकार दिला आणि तो नकार बरोबर होता, कारण त्या पावतीचा क्रमांक तक्त्यात नव्हता. सुदैवाने कायद्यात सोय आहे. नव्याने पहिल्यापासून अर्ज न करता आहे त्या प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मागता येते. ती तशी वाढवून घेतली.

आणखी एक अडचण नावाची आली. जुन्या पावतीवर आप्पांच्या वडिलांचे नाव ‘सुका’ होते, पेन्शनच्या कागदावर ‘सुकदेव’. खानदेशात हे घरोघरी आहे, बोलीतले नाव एका कागदावर आणि शाळेतले दुसऱ्यावर. वकीलसाहेबांनी अर्जातच ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे घातली होती, म्हणून प्रमाणपत्रावरही ती तशी आली आणि बँकेत अडले नाही. अर्ज लिहिण्यापूर्वी सगळ्या पावत्यांवरची नावे अक्षर न अक्षर जुळवून पाहावीत ती यासाठी.

प्रमाणपत्रावर नाव एकट्या आईचे. त्यात हिस्से लिहिलेले नव्हते. शेजाऱ्यांना वाटले सगळे आईचेच झाले. तसे नाही. प्रमाणपत्र पाहून बँकेने चांगल्या भावनेने पैसे दिले की बँक पूर्ण सुटते. पण ज्याला पैसे मिळाले त्याने ते हक्कदाराला द्यायची जबाबदारी कायदा तशीच ठेवतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ सालचे, विद्याधरी विरुद्ध सुखराणाबाई. वेस्टर्न कोलफिल्ड्समधला एक कामगार वारला. पहिली बायको सुखराणाबाई कायदेशीर पत्नी, तर चार मुले विद्याधरीपासून झालेली आणि नॉमिनीही तीच. विद्याधरी कायद्याच्या दृष्टीने पत्नी नव्हती, तरी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र तिच्याच नावे ठेवले, कारण ती नॉमिनी होती आणि मुलांचे हित तिच्या हाती होते. मात्र सुखराणाबाईचा पाचवा हिस्सा तिला द्यायचा, आणि त्यासाठी विद्याधरीने तारण द्यायचे, असा हुकूम झाला. पैसे गोळा करणारी एक आणि त्यांची मालक दुसरी, हे कोर्टाने एकाच निकालात मांडून ठेवले. म्हणून नुसते प्रमाणपत्र पुरत नाही, त्यामागच्या निकालाची नक्कलही काढून ठेवावी. वारस कोण होते आणि कोर्टाने काय मानले, ते त्या निकालात असते.

शेतीला कोर्टाचे काही लागले नाही. तिथे तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वारस नोंदीचा अर्ज. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे असते. नाव गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत जाते, मग फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

शेत शेजारच्या गावच्या शिवारात आहे. नोटीस जळगावला माझ्या हातात आली तेव्हा तीत भावाचे नाव कब्जेदार म्हणून होते आणि आईचे व माझे ‘इतर हक्क’ या रकान्यात. आजी कुठेच नव्हती. सातबाऱ्यावर एका रकान्यात कब्जेदारांची नावे असतात आणि त्यांच्या उजवीकडे इतर हक्कांचा रकाना, ज्यात बँकेचा बोजा, विहिरीचा हक्क, कूळ असे लिहितात. मुलीचे नाव तिथे टाकायची जुनी खोड आहे. मालक म्हणून विक्रीच्या वेळी कोणी तिला विचारत नाही, आणि नाव तर ‘लागलेले’ दिसते, म्हणून घरच्यांना समाधान वाटते. सातबाऱ्यावर आपले नाव आहे एवढे पाहून थांबू नये, कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. मी मुदतीत लेखी हरकत दिली. भावानेही त्याखाली सही केली, हे मी मुद्दाम सांगते. नोंद दुरुस्त होऊन आई, भाऊ, मी आणि आजी अशी चार नावे कब्जेदारात आली, आणि आजीच्या मृत्यूची वेगळी वारस नोंद होऊन काका-आत्याही आले. काकांनी जमिनीतला हिस्सा नको म्हटले तेव्हा मात्र साध्या कागदावर भागले नाही, हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागले. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणीशिवाय सुटत नाही.

फेरफार हा महसूल वसुलीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तरी व्यवहारात खरेदीदार, बँक, सोसायटी सगळे सातबाराच पाहतात, म्हणून चुकीची नोंद वेळेत थांबवणे सोपे. नंतर अपिलाच्या पायऱ्या चढत बसावे लागते.

राहिला गावातला प्लॉट. तिथल्या कामासाठी आम्हाला दिवाणी कोर्टाचे वारस प्रमाणपत्र मागितले गेले. हे तहसीलचेही नव्हे आणि सक्सेशनही नव्हे. जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ साली आठवे रेग्युलेशन झाले, त्याखाली ते मिळते. खानदेश त्या इलाख्यात होता, म्हणून जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा तो कायदा आजही आपल्या कोर्टांत चालतो. अर्ज आल्यावर कोर्ट जाहीरनामा काढते, हरकत असणाऱ्याने एक महिन्यात यावे असे सांगते, कोणी आले नाही तर वारस म्हणून मान्यता देते. त्या मान्यतेवर वारस म्हणून दावा करता येतो, दस्त करता येतात. पण त्याच रेग्युलेशनच्या सातव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की या प्रमाणपत्राने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. सध्या कायदेशीर व्यवस्था कोणाकडे आहे एवढेच ते दाखवते आणि दुसऱ्या कोणाच्या हक्काला त्याने बाधा येत नाही. आमच्या प्रमाणपत्रात आम्ही सगळे वारस एकत्र नावाने आलो, कारण अर्जच सगळ्यांनी मिळून केला. एकट्याच्या नावे काढलेले प्रमाणपत्र दाखवून कोणी ‘कोर्टाने मला मालक केले’ म्हणत असेल, तर त्याला अर्जाची आणि जाहीरनाम्याची नक्कल मागावी आणि त्यात बाकीच्यांची नावे होती का ते बघावे.

आप्पांच्या ठेवीची वाटणी आईने बँकेतूनच केली, प्रत्येकाच्या खात्यावर, म्हणजे पुढे कोणाला शंका नको. वरणगावात, भुसावळात, किंवा कुठेही तुमच्या घरी असा अर्ज लिहायची वेळ आली तर नावे सांगण्याआधी एक विचारा : गेलेल्या माणसाची आई त्या दिवशी हयात होती का? असेल तर तिचे नाव प्रतिज्ञापत्रात घाला, ती तुमच्याच घरात राहत असली तरी. आणि तुम्ही मुलगी असाल तर सही करण्याआधी मागा, वाचा आणि ‘हक्क सोडला’ हे शब्द शोधा.